दिसतात, पण निघत नाहीत

(दृश्य: कांडप मशीन, लाल मिरची)

नागपूर. महालातल्या एका गल्लीत एका ताईंचा सावजी मसाला कुटला जातोय. मिरची कळमन्याच्या बाजारातली, नगद पैसे मोजून आणलेली. आधी भाजणं, मग डंक, मग चाळणी. चाळणीवर उरलेलं पुन्हा डंकात. हा मसाला आता वेबसाइटवरून पुण्या-मुंबईला जातो आणि गिऱ्हाईक कार्डाने पैसे भरतं.

(दृश्य: मोबाइलची स्क्रीन)

सोमवार, 5 जानेवारी. दहा हजारांची विक्री. गिऱ्हाइकाच्या बँकेने मिनिटभरात होकार दिला, पण पैसे ताईंच्या खात्यात आले नाहीत. ते आधी पेमेंट कंपनीच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे विक्रेत्यांचे पैसे सांभाळायच्या वेगळ्या खात्यात जातात. ताईंच्या करारात सेटलमेंट कामकाजाच्या दोन दिवसांनी आहे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळची विक्री मंगळवारी हाती. खातं नवं म्हणून पहिल्या रकमेला सात दिवस. बारा तारखेला पैसे आले, ते 8,764.

दोन टक्के फी, 200 रुपये. त्या फीवर अठरा टक्के जीएसटी, 36. इथवर ठीक. उरलेले हजार कंपनीने रोलिंग रिझर्व्ह म्हणून राखून ठेवले: विक्रीच्या दहा टक्के, 180 दिवसांसाठी. ताई म्हणतात, "पैसे दिसून राहिले, पण काढता नाही येत."

(दृश्य: कराराचं पान, बारीक अक्षरं)

हे कशासाठी? माल मिळाला नाही किंवा खराब निघाला, तर कार्डधारक बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागू शकतो. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच तक्रारींना 120 दिवसांपर्यंत मुदत असते. तोवर विक्रेता गायब झाला, तर भरपाई पेमेंट कंपनीच्या गळ्यात. नव्या विक्रेत्याचा इतिहास नसतो, म्हणून त्याचेच पैसे तारण. कंपनीची भीती खोटी नाही, पण दहा टक्के आणि 180 दिवस हे आकडे ताईंना कोणी समजावून सांगितले नव्हते.

(दृश्य: पार्सलं, पोस्टाचा काउंटर)

प्रत्येक विक्रीचे हजार आपापल्या तारखेला सुटतात. 5 जानेवारीचे 4 जुलैला, पुढच्या सोमवारचे 11 जुलैला. आठवड्याला दहा हजारांची विक्री धरली, तर जुलैपर्यंत साठा नुसता वाढतो, साधारण 26 हजारांपर्यंत. मग दर आठवड्याला हजार अडकतात, हजार सुटतात. विक्री वाढली की अडकणारा पैसाही वाढतो. रोजच्या अहवालात जमा रक्कम कमी दिसली, तर आधी रिझर्व्हचा रकाना पाहायचा: तिथे सुटण्याची तारीख नसेल, तर ती कंपनीकडून लेखी मागायची. सहा महिने तक्रारी आल्या नाहीत, की टक्का कमी करायचा अर्जही करता येतो. मान्य करणं कंपनीच्या हाती.

(दृश्य: कळमना, मिरचीची पोती)

मार्च संपला तेव्हा रिझर्व्हमध्ये 12 हजार होते. वर्षभराची मिरची याच दिवसांत भरायची असते. ताईंनी यंदा निम्मीच भरली.