गुरुवारी भोसरीत कोण वाचणार?

मंडळी, धंद्याचा मेसेज गिऱ्हाइकाला कधी पाठवावा हे बघायला आपण अग्निशामक सिलिंडर भरून देणाऱ्याचं उदाहरण घेऊ. दुकानदार, कारखानदार, ऑफिसचा ॲडमिन मॅनेजर, तिघंही त्याचं गिऱ्हाईक. त्यानं एकच मेसेज गुरुवारी सकाळी दहाला तिघांना पाठवला, तर काय होईल?

भोसरी, चिंचवडच्या एमआयडीसीत बहुतेक लहान कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. विजेचा भार वाटून घेण्यासाठी भागाभागांत सुट्टीचे वार वेगळे ठरले, ती पद्धत अजून चालू आहे. म्हणजे मालकाला पाठवलेला मेसेज गुरुवारी घरी वाचला जातो, आणि शुक्रवारी उठल्याबरोबर आठवड्याची कामं अंगावर येतात. तुमचा मेसेज तळाला. त्याला गाठायचा वार रविवार. मशीन चालू असतात, मालक केबिनमध्ये असतो, पण बँक बंद, सरकारी कचेऱ्या बंद, मोठ्या कंपन्यांचं परचेस खातंही बंद, त्यामुळे फोन शांत. सकाळी साडेअकराच्या सुमारास, शिफ्टची पहिली धावपळ ओसरल्यावर पाठवा. मात्र सगळ्याच कंपन्या गुरुवार पाळत नाहीत. यादीत नाव घालण्याआधी गेटवरच्या वॉचमनला विचारा, त्याच्याइतकी पक्की माहिती कुणाकडे नसते.

दुकानदाराचं वेगळं. बोहनीआधी विकायला गेलात तर चेहराच सांगतो. शहरातली बरीच जुनी दुकानं दुपारी एक ते चार बंद, आणि त्या झोपेत फोन करणाऱ्याला पुणेकर काय म्हणतो ते इथे सांगत नाही. संध्याकाळी गर्दी. उरते ती बारा ते एक ही वेळ, किंवा चारला शटर उघडल्यानंतरचा अर्धा तास.

ऑफिसात मंगळवार-बुधवार, सकाळी अकरा. लहान ऑफिसात ॲडमिन आणि हिशेब एकाच माणसाकडे असतात, म्हणून तारीखही बघा: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला ३बी. त्या तारखा आणि आदले दिवस सोडा.

आता वाराहून मोठी गोष्ट. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म बी प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं, तेही परवानाधारक एजन्सीकडून. म्हणजे मेसेज डिसेंबरात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जायला हवा. ऑगस्टमध्ये रविवारी साडेअकराला पाठवलात तरी काम दुसऱ्यानं नेलेलं असतं.

वेळ चुकतेय हे ओळखायचं कसं? निळ्या टिका कधी येतात ते पाहा. कारखान्यांच्या यादीत त्या रात्री दहानंतर येत असतील, तर मालक घरी बसून वाचतोय. आणि 'रेट पाठवा' हे उत्तर कोणत्या तासाला येतं, ते वहीत लिहून ठेवा. नुसतं वाचलं गेलं, याला आपल्या धंद्यात किंमत नाही.