शब्दावर रेट की आर्टिकलवर? आधी तास मोजा

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं बोलतोय. शब्दाला रुपया घ्यावा की आर्टिकलचे एकदम ठरवावेत, हे नवीन रायटर सारखं विचारतात. माझं मत सांगतो, रिसर्च जास्त असेल तर आर्टिकलवरच घ्या. का ते हिशोबानं बघू.

समजा दोन आर्टिकल्स आलीत, दोन्ही हजार शब्दांची, रेट शब्दाला एक रुपया. पहिलं, पन्हाळ्यावर एका दिवसात काय बघायचं. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, आपल्याला सगळं माहितीये, म्हणजे तपासायला एक तास, लिहायला अडीच आणि दुरुस्तीला अर्धा. चार तासांत हजार, तासाला अडीचशे पडले.

दुसरं, ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची. आता इथं जीआय टॅग बघावा लागतो, तो एकट्या कोल्हापूरचा नाही, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांचा आहे, मग चप्पल लाईनला जाऊन कारागिराला विचारायचं, तो गिऱ्हाईक सोडून लगेच थोडाच बोलणार, थांबावं लागतं. रिसर्च चार तास, लिहायला तीन, दोन रिव्हिजनचे दोन. नऊ तास झाले आणि पैसे तेवढेच हजार, तासाला एकशे अकरा! आणि त्या आठ जिल्ह्यांची माहिती आर्टिकलमध्ये किती जागा घेते? एक वाक्य, पंधरा शब्द, पंधरा रुपये. शब्द मोजून रिसर्चचे पैसे निघतच नाहीत.

म्हणून उलटं करा. तुमचा तासाचा रेट धरा, अडीचशे म्हणू, गुणिले नऊ, बावीसशे पन्नास. हा झाला आर्टिकलचा रेट.

पण आर्टिकलवर घेतलं की रिव्हिजन मोकाट सुटतात, क्लायंट म्हणतो अजून एकदा बघा की, आणि पाच तास जादा गेले की तुमचा रेट तासाला एकशे साठवर येतो. त्यामुळं काम घेतानाच व्हॉट्सॲपवर लिहून टाका: नऊशे ते अकराशे शब्द, दोन रिव्हिजन धरून, तिसऱ्यापासून तासाला अडीचशे वेगळे. आणि रिव्हिजन म्हणजे काय तेही लिहा. वाक्यं बदलणं, टोन हलका करणं, राहिलेला मुद्दा घालणं ही रिव्हिजन. "चप्पल ओळखायची नको, चप्पलची निगा कशी राखायची ते करूया" हे नवीन आर्टिकल आहे भावा, त्याचा वेगळा रेट.

शब्दावर घ्यायचंच असेल तर शब्द कुठले मोजायचे ते आधी ठरवा, पहिल्या ड्राफ्टचे की छापलेले. क्लायंटनं हजाराचे सातशे करून घेतले तर कापायचं काम तुम्ही करणार आणि वर तीनशे रुपये पण तुमचेच जाणार.

शब्दाचा रेट परवडतो तो प्रॉडक्ट डिस्क्रिप्शनला. पन्नास चपलांची माहिती दुकानदारानंच शीटमध्ये भरून दिलीय, साईज, लेदर, रंग सगळं, तुम्ही फक्त लिहायचंय, तिथं शब्दावर बिनधास्त घ्या.