प्राचार्यांना लिहिलेला अर्ध्या पानाचा अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

मी निवृत्त प्राध्यापक आहे आणि नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर काम केले. त्या काळात माझ्यासमोर आलेल्या अर्जांपैकी एका अर्जाची हकीकत आज सांगतो. मुलीचे, गावाचे आणि महाविद्यालयाचे नाव मी घेणार नाही.

स्नेहसंमेलनाची छायाचित्रे महाविद्यालयाच्या फेसबुक पानावर लावली होती. त्यांतल्या एका छायाचित्रात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातली ही मुलगी नृत्य करताना दिसत होती. तिच्याच वर्गातल्या एका मुलाच्या नावाच्या खात्यावरून त्या छायाचित्राखाली तिच्या शरीराविषयी अश्लील शेरे येऊ लागले. चार दिवसांत असे अकरा शेरे झाले आणि शेवटच्या शेऱ्यात तर तिचा मोबाइल क्रमांकच लिहिला होता. त्या रात्रीपासून तिला अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले.

तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी चार पानी अर्ज दिला. त्यात मुलाला महाविद्यालयातून काढून टाकण्याची मागणी होती, सगळे शेरे अक्षरशः उतरवलेले होते, मुलाच्या घराण्याविषयी दोन परिच्छेद होते आणि शेवटी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ खाली कारवाई करावी, असे लिहिले होते. संगणक वा मोबाइलवरून आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले आहे. ज्या घटनांमुळे तो खटला उभा राहिला, त्यांत २०१२ साली आपल्याच पालघरमध्ये फेसबुकवरील मजकुरावरून झालेली दोन तरुणींची अटक होती. तरीही अर्ज लिहून देणाऱ्या मंडळींच्या जुन्या नमुन्यांतून ते कलम अजून डोकावत असते. अर्जात रद्द झालेले कलम दिसले की वाचणाऱ्याला बाकीचा अर्जही सैल वाटू लागतो.

त्या चार पानांचे काय झाले? मुलाला काढून टाकायचे तर चौकशी हवी, चौकशीसाठी समितीची बैठक हवी आणि मुलाचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे, म्हणून अर्ज ‘पुढील सभेत ठेवावा’ असा शेरा मारून फायलीत गेला. हा शेरा नियमाला धरूनच होता. मात्र तोवर मुलीचा क्रमांक पानावर तसाच होता आणि फोन येतच होते.

माझे म्हणणे या ठिकाणी आहे. मजकूर काढणे आणि मुलाला शिक्षा करणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि ती एकाच अर्जात मागितली की सोपे काम अवघड कामाच्या मागे अडकते. पान महाविद्यालयाचे आहे, तेव्हा त्यावरचा मजकूर काढायला कोणाला दोषी ठरवावे लागत नाही. प्राचार्यांनी पान सांभाळणाऱ्याला सांगितले की काम पाच मिनिटांत होते. अर्थात तो पान सांभाळणारा कोण, हे शोधण्यातच कधी कधी दोन दिवस जातात. आमच्याकडे तर पानाची किल्ली तीन वर्षांपूर्वी पदवी घेऊन पुण्याला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याकडे होती.

मग आम्ही नवा अर्ज अर्ध्या पानात लिहायला सांगितला. विषयाच्या ओळीत एवढेच होते : ‘महाविद्यालयाच्या फेसबुक पानावरील त्रासदायक मजकूर जतन करून काढून टाकण्याबाबत.’ खालचा मजकूर असा होता : ‘महोदय, आपल्या महाविद्यालयाच्या पानावरील स्नेहसंमेलनाच्या छायाचित्राखाली अमुक नावाच्या खात्यावरून अमुक ते अमुक तारखांदरम्यान माझ्याविषयी अकरा शेरे लिहिण्यात आले असून त्यांपैकी एकात माझा मोबाइल क्रमांक आहे. त्यांच्या प्रती सोबतच्या बंद पाकिटात जोडल्या आहेत. या सर्व शेऱ्यांची नोंद महाविद्यालयाने आपल्याकडे जतन करावी, त्यानंतर ते पानावरून कायमचे काढून टाकावेत, त्या खात्यास पानावर लिहिण्यास प्रतिबंध करावा आणि केलेल्या कार्यवाहीची तारीख व वेळ मला लेखी कळवावी, ही विनंती. क्रमांक उघड झाल्याने अनोळखी व्यक्तींचे फोन येत आहेत, म्हणून हे आजच होणे आवश्यक आहे. संबंधितांवरील कारवाईसाठी मी स्वतंत्र तक्रार देत आहे.’

यातल्या काही शब्दांकडे लक्ष द्या. ‘अमुक मुलाने लिहिले’ असे न म्हणता ‘अमुक नावाच्या खात्यावरून’ असे म्हटले आहे, कारण खाते बनावटही असू शकते आणि डोळ्यांना दिसते ते खात्याचे नाव असते. शेरे अर्जात उतरवलेले नाहीत, कारण अर्ज आवक कारकुनापासून शिपायापर्यंत चार हातांतून जातो आणि मुलीची तीच विटंबना कार्यालयात पुन्हा होते. त्यासाठी बंद पाकीट. आणि ‘काढून टाकावेत’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. पान सांभाळणाऱ्याला शेरा नुसता ‘लपवता’ही येतो, पण फेसबुकवर लपवलेला शेरा लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुकवरील मित्रांना दिसत राहतो. हे मित्र बहुधा त्याच वर्गातले असतात! आमच्याकडे आधीच्या एका प्रकरणात लपवण्याचाच प्रकार झाला होता, आणि ‘आम्हाला तर काही दिसत नाही’ असे कार्यालय प्रामाणिकपणे सांगत होते, तर वर्गात मात्र ते शेरे वाचून हसणे चालू होते.

‘जतन करून’ हे शब्द आधी येतात, कारण शेरा एकदा पुसला की चौकशीसमोर ठेवायला काही उरत नाही. मुलीनेही आपल्या प्रती आधीच घ्याव्यात. संगणकावर पान उघडून शेऱ्याखालच्या वेळेवर बाण नेला की ‘दोन दिवसांपूर्वी’ऐवजी पूर्ण तारीख आणि वेळ दिसते, आणि त्या वेळेवर टिचकी मारली की त्याच शेऱ्याचा पत्ता वरच्या पट्टीत येतो. हे दोन्ही दिसतील असे चित्र घ्यावे. त्या चित्राची मूळ फाइल स्वतःकडे ठेवावी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या चित्राचा आकार लहान होतो आणि त्यामागची माहिती गळून पडते.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘साहेबांना सांगतो’ ही पोच नव्हे.

कारवाईची तक्रार निराळी, आणि तिला मुदत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांनुसार लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्यावी लागते. समितीने चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग याने बंद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी कलम ७८ आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९ आहे. मजकूर काढण्याच्या अर्जात मात्र ही कलमे घालू नयेत, नाहीतर तो पुन्हा ‘कायदेशीर सल्ल्यासाठी’ पाठवला जातो.

काढण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. महाविद्यालयाचा हात आपल्या पानापुरता पोहोचतो. कोणी चित्र टिपून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात टाकले असेल, तर ते प्राचार्यांना पुसता येत नाही.

आमच्या मुलीचा अर्ज सकाळी अकराला आवक झाला. पुण्याच्या त्या माजी विद्यार्थ्याला फोन लागायला दुपार झाली आणि सायंकाळी सहाच्या आत अकराही शेरे गेले. फोन मात्र आणखी आठवडाभर येत राहिले, आणि अखेर तिने क्रमांक बदलला. समितीकडची तक्रार तिने चौथ्या दिवशी दिली आणि सोबत जोडलेल्या पहिल्या कागदावर त्या अर्ध्या पानाच्या अर्जाचा शिक्का होता.

नमस्कार.