नोटिशीचा साचा

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘पुन्हा वापरता येणारे प्रॉम्प्ट’ असा छापलाय. नौपाड्यात संध्याकाळी सात वाजता एवढी माणसं या विषयासाठी येतात, म्हणजे चहा चांगला असणार हे मी ओळखलं.

विषयाकडे येण्याआधी आमच्या सोसायटीचं सांगतो. आमचे सेक्रेटरी हौशी गृहस्थ. चॅटबॉटकडून नोटिसा लिहून घ्यायच्या हे त्यांनी मनावर घेतलं, आणि पहिले काही महिने खरंच बरं चाललं. त्यांनी एकच चॅट उघडून ठेवला होता. सगळं त्यातच. टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, गणपतीची वर्गणी, बी विंगच्या गच्चीवरची पापडाची वाळवणं. का, तर म्हणे, ‘त्याला आता आपली सोसायटी माहीत झालीये.’

पुढे काय झालं बघा. पाणी बंद राहणार म्हणून नोटीस लागली. वार बरोबर, तारीख बरोबर, वेळ मात्र मागच्या टाकीसफाईची! लोकांनी दहाच्या आधी बादल्या भरायच्या ठरवल्या आणि नळ सकाळी आठलाच गेले. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी वॉचमनपासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. बिचारा वॉचमन! त्याने फक्त टाचण्या मारल्या होत्या.

सेक्रेटरींनी मग चिडून नवा चॅट उघडला आणि ‘पाणीबंदची नोटीस दे’ एवढंच लिहिलं. आलं काय? ‘प्रिय रहिवासी बंधू-भगिनींनो’, चार थेंबांचे इमोजी, आणि ‘मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीमुळे’. जलवाहिनीचं कुणी बोललंही नव्हतं. आमचा पंप बदलायचा होता! नोटीस वाचून दोघं महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात भांडायला निघाले होते. हसताय, पण तुमच्याकडेही हेच चाललंय, ग्रुपवर मी वाचतो.

चिठ्ठी आली, पंधरा मिनिटं उरलीत. बरं, आता मुद्दा.

या दोन फजित्यांची कारणं वेगळी आहेत. लांबलेल्या चॅटमध्ये जुना मजकूरही त्याच्यासमोर असतो, म्हणून जुनी वेळ नव्या नोटिशीत शिरते आणि सुरुवातीला सांगितलेले नियम हळूहळू सैल पडतात. नव्या चॅटमध्ये उलट होतं, तिथे पाटी जवळजवळ कोरी. काही ॲपमध्ये आठवण ठेवायची सोय असते, पण नेमकं काय लक्षात राहील हे आपल्या हाती नाही. कायमच्या सूचना सेटिंगमध्येही घालता येतात, पण त्या सगळ्यालाच लागतात. साबुदाणा वड्याची कृती विचारा, ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते’ असं सुरू!

म्हणून प्रत्येक नोटिशीला नवा चॅट, आणि साचा नोट्सच्या ॲपमध्ये. मी गुगल कीप वापरतो, नोट पिन करून वर ठेवलेली. साचा असा:

```
भूमिका: तू ठाण्यातल्या सोसायटीचा सेक्रेटरी आहेस, फलकासाठी नोटीस लिहितोस.
सूर: साधा, आदरार्थी. इमोजी नकोत.
नियम: ८० शब्दांच्या आत. खाली न दिलेली तारीख, वेळ,
कारण, फोन नंबर घालू नकोस. कमी असेल तिथे ____ सोड.
काय आणि का: @@
कधी: @@
कुणासाठी: @@
```

हे कॉपी करायचं, चॅटमध्ये चिकटवायचं आणि @@ तिथे भरायचं. मूळ नोटमध्ये भरायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी जुनीच तारीख जाते. @@ अशासाठी की डोळ्यात खुपतं. रिकामी जागा डोळ्यांआड होते, आणि आपण सोडलेली जागा तो स्वतःच्या मनाने भरतो. पंपाची जलवाहिनी तशीच झाली.

नियमांतली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. साचा केल्यावर एकदा मुद्दाम ‘कधी’ रिकामं ठेवून बघा. उत्तरात ____ आलं तर ओळ लागू पडतेय. ‘सकाळी १० ते सायंकाळी ५’ आलं तर ती ओळ माहितीच्या खाली, अगदी शेवटी पुन्हा लिहा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं. तरी फलकावर लावण्याआधी तारीख आणि वेळ स्वतः ताडून बघायचीच, साचा कितीही चांगला असो.

दोन गोष्टी घाईत सांगतो, संयोजक उभे राहिलेत. थकबाकीदारांची नावं, फ्लॅट नंबर साच्यात ठेवू नका. नोट कमिटीत शेअर होते आणि चिकटवलेला मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. तिथे नुसतं ____ ठेवा, नाव छापील कागदावर हाताने लिहा. आणि कीपमध्ये शेअर केलेली नोट ज्याला दिली तो बदलूही शकतो. आमच्या खजिनदारांनी एकदा ‘साधा’च्या जागी ‘कडक’ केलं होतं, महिनाभर नोटिसा तहसीलदाराच्या वाटत होत्या. मूळ साचा एकाच्याच फोनवर ठेवा, बाकीच्यांना मजकूर पाठवा, आणि नोटच्या शीर्षकात शेवटच्या बदलाची तारीख टाका. प्रश्न असतील तर खाली चहापाशी विचारा, हॉल साडेआठला द्यायचाय.