आधी वळण, मग कोन: सुसम बहुभुजाकृतीचे आंतरकोन आणि बाह्यकोन

सुसम बहुभुजाकृती म्हटली की बहुतेकांना एकच सूत्र आठवतं: आंतरकोनांची बेरीज (n − २) × १८०°, इथे n म्हणजे बाजूंची संख्या. ते बरोबरच आहे. पण त्यातले ते २ कुठून आले असं विचारलं, की वर्गात शांतता पसरते. म्हणून आज जरा उलट्या बाजूने जाऊ. आधी बाह्यकोन, आणि आंतरकोन त्याच्या मागून.

बाह्यकोन म्हणजे नेमका कोणता, इथेच पहिली गफलत होते. नाव ऐकून वाटतं, की शिरोबिंदूच्या बाहेरचा सगळा कोन. मग चौरसाचा बाह्यकोन कोणी ३६० − ९० = २७०° सांगतो. तसं नाही. एक बाजू शिरोबिंदूच्या पुढे सरळ वाढवायची. ही वाढवलेली रेषा आणि पुढची बाजू यांच्यामधला कोन तो बाह्यकोन. तो आंतरकोनाशी रेषीय जोडी करतो, म्हणून दोघांची बेरीज १८०°. चौरसाचा बाह्यकोन ९०°च. आपण बाजूवरून चालत आलो, कोपऱ्यावर सरळ न जाता जेवढे वळलो तेवढा हा कोन. मी त्याला वळणच म्हणतो.

आता पंचकोनाच्या कडेने चालायला लागा. पहिल्या बाजूवर तोंड पूर्वेला आहे असं धरा. प्रत्येक कोपऱ्यावर डावीकडे वळत, पाचही बाजू चालून, सुरुवातीच्या कोपऱ्यावर आलात आणि तिथेही वळलात, की तोंड पुन्हा पूर्वेला. म्हणजे एकूण वळण एक पूर्ण फेरी, ३६०°. यात पाच या आकड्याचा कुठेच संबंध आला नाही. बाजू सात असोत की सत्तर, फेरी एकच. बाजू वाढल्या की तीच फेरी जास्त तुकड्यांत वाटली जाते, एवढंच. आकृती सुसम असली की तुकडे सारखे, म्हणून प्रत्येक बाह्यकोन ३६०° ÷ n.

इथे एक बारीक अट: प्रत्येक शिरोबिंदूवर एकच बाह्यकोन धरायचा. बाजू दोन्हीकडून वाढवता येते, त्यामुळे तिथे दोन बाह्यकोन तयार होतात. ते विरुद्ध कोन असल्याने समान असतात. दोन्ही मोजले तर बेरीज ७२०° येते आणि मग सूत्रच चुकलंय असं वाटायला लागतं.

आंतरकोनांची बेरीज आता आपोआप निघते. प्रत्येक शिरोबिंदूवर आंतरकोन अधिक बाह्यकोन म्हणजे १८०°. असे n शिरोबिंदू, म्हणून एकूण n × १८०°. त्यातून बाह्यकोनांचे ३६०° वजा केले की उरते n × १८०° − ३६०°, म्हणजेच (n − २) × १८०°. ते २ म्हणजे एका फेरीतले दोन सरळकोन.

पुस्तकातली रीत त्रिकोणांची असते. एका शिरोबिंदूतून कर्ण काढले की पंचकोनाचे तीन त्रिकोण होतात, ३ × १८० = ५४०°. कर्ण एकाच शिरोबिंदूतून काढायचे हे मात्र विसरायचं नाही. सगळे कर्ण काढले तर ते आत एकमेकांना छेदतात, नवे छेदनबिंदू तयार होतात आणि तुकड्यांचे कोन बहुभुजाकृतीचे राहत नाहीत. आतल्या एखाद्या बिंदूपासून पाचही शिरोबिंदू जोडले तरी चालतं, पण तेव्हा पाच त्रिकोणांच्या ९००° मधून त्या बिंदूभोवतीचे ३६०° काढून टाकावे लागतात. वरचं गणित आणि हे गणित शेवटी एकच.

सूत्र वापरताना आणखी एक चूक हमखास दिसते. पंचकोनाची बेरीज ५४०° काढली, आता एक कोन हवा, म्हणून ती ३ ने भागली. उत्तर १८०°. कोपऱ्यावर १८०° म्हणजे कोपराच नाही! भागायचं कोनांच्या संख्येने, त्रिकोणांच्या नाही. ५४० ÷ ५ = १०८°. पडताळा सोपा: वळण ३६० ÷ ५ = ७२°, आणि १८० − ७२ = १०८°.

वळण आणि आंतरकोन यांत गल्लत झाली की काय होतं, हे संगणकावर फार स्वच्छ दिसतं. पायथॉनमध्ये टर्टल नावाचं साधन आहे, सांगू तसं चालत आणि वळत पडद्यावर रेघ ओढणारं. त्यात समभुज त्रिकोण काढायचा म्हणून कोणी असं लिहितं:

```
from turtle import *
for i in range(3):
    forward(100)
    left(60)
```

त्रिकोणाचा कोन ६०°, म्हणून ६० दिले. पण left ला वळण द्यावं लागतं. आकृती उघडीच राहते: तीन बाजू होतात, आणि सुरुवातीचं व शेवटचं टोक एकमेकांपासून २०० एककं दूर असतात. नीट पाहिलं तर तो अर्धा षटकोन आहे, कारण ६०° हे षटकोनाचं वळण. त्रिकोणाचं वळण १२०°. ६० च्या जागी १२० घातलं की आकृती बंद होते.

हाताने काढताना अडचण वेगळी. सप्तकोन घ्या. ३६० ÷ ७ म्हणजे ५१ पूर्णांक ३/७, साधारण ५१.४३°. कोनमापकावर हे दिसत नाही, म्हणून लोक प्रत्येक वेळी ५१° घेतात. सात वळणांत ३५७° झाले, ३° कमी पडले. बाजू ५ सेंमी असेल, तर सातवी बाजू सुरुवातीच्या बिंदूपासून सुमारे ३ मिमी अंतरावर संपते. हात हलला असं वाटतं, पण हाताचा दोष नाही. उपाय असा, की वळणं ५१, ५२, ५१, ५१, ५२, ५१ अशी घ्यायची. शेवटचं सातवं ५२ धरलं की बेरीज बरोबर ३६०. मग फट साधारण अर्ध्या मिलिमीटरवर येते, पेन्सिलच्या रेषेतच मुरते. आकृती काटेकोर सुसम नसते, पण डोळ्याला कळत नाही. पूर्ण अंशांत कोन हवे असतील, तर n ने ३६० ला निःशेष भाग जायला हवा. बाजू तीनपासून मोजत गेलो, तर पहिल्यांदा अडतं ते सातवर.

याच भागाकाराने उलटे प्रश्नही सुटतात. आंतरकोन १५६° असलेल्या सुसम बहुभुजाकृतीला किती बाजू? वळण २४°, ३६० ÷ २४ = १५. आणि आंतरकोन १५५° असेल तर? वळण २५°, भागाकार १४.४. बाजूंची संख्या अपूर्णांक असत नाही, म्हणून अशी आकृतीच नाही. परीक्षेत इथे १४.४ चं १४ करून पुढे जाणारे भेटतात. १४ बाजूंचा आंतरकोन काढून पाहिला, तर १५४.२८° च्या जवळपास येतो, १५५ नाही.

शेवटी एक प्रश्न, जो कोणीतरी विचारतोच: चांदणीचं काय? एका रेघेत काढतो ती पाच टोकांची चांदणी. तिथे टोकाचा कोन ३६°, म्हणजे वळण १४४°. पाच वळणांची बेरीज ७२०°. इथे ३६० चा नियम मोडल्यासारखा वाटतो, पण चांदणीच्या बाजू एकमेकींना छेदतात, आणि ती काढताना आपण मध्याभोवती दोनदा फिरतो. टर्टलला पाच वेळा 144 देऊन पाहा, दोन फेऱ्या डोळ्यांनी मोजता येतील.