एक रुपया जमवायला किती पैसे लागले?

पुण्यातला एक हॉल, संध्याकाळचे सात वाजलेत, स्टेजवर साउंडवाला 'चेक, चेक' करतोय आणि मागे केटररचे चाफिंग डिश मांडून होतायत. एका संस्थेचं फंडरेझिंग डिनर आहे. संस्था आणि आकडे आपण उदाहरणादाखल धरलेत, पण हिशोब कुठल्याही संस्थेला लागू पडेल असाच.

तिकीट २,५०० रुपये, १६० विकली गेली, म्हणजे ४ लाख. एका कंपनीची दीड लाखाची स्पॉन्सरशिप. आणि स्टेजवरून आवाहन केल्यावर लोकांनी हात वर करून ५० हजार जाहीर केले. झाले ६ लाख.

आता खर्च. केटररला २०० ताटांची गॅरंटी दिलेली, ९०० रुपये ताट, १ लाख ८० हजार. म्हणजे माणूस येवो न येवो, ताटाचे पैसे द्यायचेच. हॉल ६० हजार, साउंड-लाइट-अँकर ४० हजार, कार्ड, बॅनर, मोमेंटो २० हजार. एकूण ३ लाख. ३ भागिले ६, रुपयामागे ५० पैसे. मीटिंगमध्ये हाच आकडा सांगतात आणि सगळे खूश होतात.

पण संस्थेतले दोघंजण दोन महिने दुसरं काहीच करत नव्हते ना! फोन, पास, पाहुण्यांची यादी. प्रत्येकी २५ हजार पगार, म्हणजे १ लाख, आणि हा इव्हेंटच्या बजेटमध्ये कुठेच नाही, कारण पगार 'नेहमीचाच' असतो. तो धरला की खर्च ४ लाख, रुपयामागे ६७ पैसे. आणि जाहीर झालेल्या ५० हजारांपैकी तीन महिन्यांनी खात्यात आले २०. मग जमा ५ लाख ७० हजार, रुपयामागे ७० पैसे!

अजून एक नावडता प्रश्न. ती कंपनी दरवर्षी दीड लाख देतेच, डिनर असो नसो. मग ते पैसे डिनरने आणले का? नाही धरले तर ४ लाख २० हजार जमवायला ४ लाख गेले, ९५ पैसे झाले.

काहीजण म्हणतात डिनरमुळे नवीन देणगीदार मिळतात, खरंय, मिळतातही, पण मग पुढच्या वर्षी त्या १६० मधून किती जणांनी परत दिलं हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि ते बहुतेक ठिकाणी राहूनच जातं.

कात्री लावायला सोपी जागा म्हणजे ४० फुकट पास, कमिटीच्या ओळखीतले. ते १० वर आणले आणि केटररला १७०ची गॅरंटी दिली की २७ हजार वाचतात, ७० चे ६५ पैसे होतात. पण कुणाला 'यंदा पास नाही' असं फोन करून सांगायचं, यावरच मीटिंग अडकते.