फेरीबोटीत सुचलेलं उत्तर

नमस्कार श्रोतेहो.

चवथीचा दुसरा दिवस होता. मी रायबंदरला माहेरी गेले होते. जेवणं आटोपली होती, गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या माटोळीखाली सगळे ऐसपैस बसले होते आणि नेवऱ्यांचं ताट फिरत होतं. आमच्या घरची माटोळी अजून घरचीच असते. घागऱ्या, कवंडाळं, आंबाडे, सुपारीचा शिपटा, सगळं भाऊ आणि त्याची मुलं रानात जाऊन आणतात. बाजारात बांधून मिळणारी माटोळी मला बघवत नाही. रान तुडवल्याशिवाय मुलांना फळांची नावं कशी कळणार? पण ते असो.

तर सगळे बसलेले, आणि आमचे थोरले भावोजी मला म्हणाले, “काय बाई, तुमच्या मराठी शाळेत आता पोरं तरी उरली आहेत का? पोरांपेक्षा मास्तरच जास्त असतील!”

सगळे हसले. मीही हसले. ताट पुढे आलं, मी नेवरी उचलली आणि विषय दुसरीकडे गेला. एवढंच झालं. पण ती नेवरी मला गोड लागली नाही.

संध्याकाळी मी चोडणला परतायला फेरीबोटीत चढले. कठड्याला टेकून उभी राहिले. मांडवीचं पाणी भरतीचं होतं. बोट नदीच्या मध्यावर आली आणि उत्तर आलं. अख्खंच्या अख्खं आलं: “भावोजी, बावीस मुलं आहेत. त्या बाविसांच्या घरी मी जाऊन आलेय. कोणाची आजी आजारी आहे, कोणाचा बाप बोटीवर आहे, कोणाला भागाकार येतो पण हातचा विसरतो, हे मला ठाऊक आहे. तुमच्या नातवाच्या वर्गात पन्नास मुलं आहेत, त्याच्या बाईंना त्याचं नाव तरी ठाऊक आहे का?”

चोडणचा धक्का येईपर्यंत मी ते मनात चार वेळा म्हटलं. रात्री आडवी पडल्यावर आणखी दहा वेळा. आणि ज्यांना ते सांगायचं होतं ते भावोजी तिकडे नदीपलीकडे शांत झोपले असतील, या विचारानं मला झोप लागेना.

श्रोतेहो, या उशिरा सुचण्याला फ्रेंच भाषेत ‘जिन्यावरची बुद्धी’ म्हणतात. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये देनी दिदरो नावाचे मोठे लेखक होते. एका बड्या घरच्या मेजवानीत कोणीतरी त्यांना टोला दिला आणि त्यांची वाचाच बसली. त्यांनी लिहून ठेवलंय की माझ्यासारखा हळवा माणूस अशा वेळी गोंधळतो आणि जिना उतरून खाली पोचल्यावरच भानावर येतो. दिवाणखाना वरच्या मजल्यावर, म्हणून जिना. माझं माहेर नदीपलीकडे, म्हणून माझी फेरीबोट. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दिदरोंनी हे लिहिलं ते नटांविषयीच्या लेखनात. चांगला नट भावनेनं भरून वाहत नाही, तो आतून शांत असतो आणि समोरच्याकडे लक्ष ठेवून असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ही गोष्ट मला पुस्तकातून पटली नाही. ती पटली पेडण्याच्या एका दशावतारी आजोबांमुळे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे हे आजोबा. चाळीस वर्षं मंडळीत राजा उभा केलेले. आता लेकीकडे राहायला आलेले आणि नातीला न्यायला रोज शाळा सुटायच्या आधी अर्धा तास येऊन व्हरांड्यात बसायचे. तुम्हाला ठाऊकच आहे, दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी रंगपटात आख्यान ठरतं, कोण कुठला प्रवेश घेणार ते ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभं राहिल्यावर. समोरचा राक्षस काय बोलेल ते राजाला ठाऊक नसतं. तरी पहाटेपर्यंत एकही राजा गप्प उभा राहिलेला मी पाहिला नाही. (हल्ली काल्याला पुढच्या रांगेतले लोक मोबाइलचे दिवे लावून चित्रण करतात, नटाच्या डोळ्यांवर झोत येतो. त्या माणसानं समोरच्याचं तोंड कसं बघायचं? मंदिर समित्यांनी हे सरळ बंद करावं.)

मी आजोबांना विचारलं, “तुम्हाला इतकं पटकन सुचतं कसं?”

ते म्हणाले, “बाई, सुचत नसतं. शेपटी धरायची असते.”

मला कळेना. मग त्यांनी करून दाखवलं. म्हणाले, “मला काहीतरी बोला, राग येईल असं.” मी म्हटलं, “राजा, तू भित्रा आहेस.” आजोबा बसल्या जागी ताठ झाले, एक श्वास घेतला आणि सावकाश म्हणाले, “भित्रा?” मग थांबले. माझ्याकडे बघत राहिले. आणि मग म्हणाले, “ज्याच्या दारात तू शस्त्र ठेवून आत आलास, तो भित्रा?” व्हरांड्यात दोन मुलं खेळत होती, ती खेळ सोडून बघायला लागली.

ते हसून म्हणाले, “पहिला ‘भित्रा’ तुमचा शब्द, तीच शेपटी. त्याला डोकं लागत नाही. तो म्हणेपर्यंत पुढचं येतं. आणि शस्त्राचं वाक्य आज सुचलेलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका जत्रेत मी गप्प पडलो होतो, पेटीवाल्यानं सूर ओढून मला सांभाळलं. पहाटे मुखवट्यांचा पेटारा बांधताना ते वाक्य सुचलं. ते ठेवून दिलं. तेव्हापासून कोणी भित्रा म्हणालं की ते आहेच.”

श्रोतेहो, मी त्या व्हरांड्यात बसून राहिले. कारण मला फेरीबोट आठवली. भावोजींचं ते वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा आलेलं नव्हतं. त्याच्या आदल्या चवथीलाही आलं होतं, एका लग्नातही आलं होतं. तुम्हीही आठवून बघा. आपल्याला लागणारे टोमणे नवे नसतात. तीच तीन-चार माणसं, तेच तीन-चार विषय. लग्न, पगार, मूल, रंग, शाळा. म्हणजे फेरीबोटीत सुचलेलं उत्तर गेल्या वेळेला उशिरा आलं, तरी पुढच्या वेळेच्या कितीतरी आधी आलं. फक्त आपण ते ठेवून देत नाही. उगाळतो आणि विसरतो.

आता थोडं कारणाविषयी. २००९ साली दहा भाषांतल्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असं त्यात दिसलं. पण चित्र बघून एक साधा शब्द तोंडातून निघायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत जुळायला लागलेलं असतं. गप्पा चालतात त्या अशा. टोमणा मात्र शेवटच्या शब्दाला वळण घेतो. जुळवलेलं वाया जातं, वर अपमान लागतो, आणि मन ‘सगळे हसले का, माझा चेहरा कसा दिसला’ यातच गुंतून पडतं. म्हणून गप्प राहणारा माणूस मंद नसतो. पुन्हा सांगते, मंद नसतो. त्याच्याजवळ त्या घडीला हात मोकळा नसतो. शेपटी धरली की तो एक क्षण मिळतो.

मग मी काय केलं ते सांगते. फेरीबोटीतलं उत्तर वहीत लिहिलं. ते फार लांब होतं. माटोळीखाली इतकं कोणी बोलू देत नाही, एका श्वासात जेवढं मावतं तेवढंच आपलं. शेवटचं नातवाचं वाक्य मी खोडलं. ते बोलले असते तर भांडण शाळेवरून नातवावर गेलं असतं, आणि त्या पोराचा काय दोष? भागाकार, आजी, बोट, सगळं सुंदर होतं, तेही काढलं. उरलं एवढंच: “बावीस आहेत, आणि बाविसांची घरं मला ठाऊक आहेत.”

मग ते मोठ्यानं म्हणायची सवय केली. मनात नव्हे, मोठ्यानं. मनात म्हटलेलं जिभेवर येत नाही, हे पाढे शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. (शाळांतून तोंडी पाढे गेले तेव्हापासून मुलांचं उभं राहून बोलणंही गेलं, असं माझं ठाम मत आहे.) रोज संध्याकाळी पाच मिनिटं लेक भावोजी व्हायची आणि मी उत्तर द्यायची. लेक शब्द बदलायची. कधी म्हणायची “शाळा कधी बंद होणार?”, कधी “पगार फुकटचा ना?” पहिल्या आठवड्यात शब्द बदलला की मी अडखळायची. तिथं कळलं की वाक्य पाठ करून भागत नाही, त्याची गाठ विषयाशी बांधावी लागते. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी ‘असं झालं, की मी हे करीन’ अशा आधी ठरवलेल्या जोडीचा बराच अभ्यास केलाय. माझी जोडी अशी ठरली: कोणी शाळेच्या पटाविषयी बोललं, की मी त्याचा शेवटचा शब्द म्हणेन आणि आकडा सांगेन.

एक मर्यादाही सांगायला हवी. हे घरच्या, बरोबरीच्या माणसांपुढे चालतं. ज्याच्या हातात आपली नोकरी आहे त्याच्यापुढे शेपटी धरावी, पण पुढचं वाक्य विचार करून दुसऱ्या दिवशीच बोलावं. दुसऱ्या दिवशी जाऊन “काल तुम्ही म्हणालात ते मला लागलं” असं सांगण्यात काही कमीपणा नाही.

पुढची चवथ आली. माटोळी तीच, ताट तेच. भावोजी म्हणाले, “यंदा तरी पोरं आहेत का, की मास्तरच जास्त?”

मी नेवरी खाली ठेवली. “जास्त?” म्हटलं. छाती धडधडत होती, आवाज थोडा कापला. भावोजी बघत राहिले. “एकोणीस आहेत, भावोजी. आणि एकोणिसांची घरं मला ठाऊक आहेत.”

कोणी हसलं नाही. भावोजींनी विचारलं, “एकोणीस? गेल्या वर्षी किती होती?” मी सांगितलं, बावीस. ती तीन कुठं गेली, हे त्यांनी विचारलं. एकाचं कुटुंब वास्कोला गेलं, दोन मुलं इंग्रजी शाळेत गेली, हे मी सांगितलं. मग त्यांच्या स्वतःच्या गावच्या शाळेचा विषय निघाला, तिथल्या त्यांच्या मास्तरांचा निघाला, आणि चहा येईपर्यंत आम्ही दोघं बोलत होतो.

संध्याकाळी फेरीबोटीत, नदीच्या मध्यावर, त्याहूनही चांगलं एक वाक्य सुचलं. वही पिशवीतच होती. धक्का येईपर्यंत लिहून झालं.

नमस्कार.